व्हीपीएनचे शब्द आणि बिघाडाची जागा

व्हीपीएनचे शब्द नवख्याने यादीसारखे पाठ करू नयेत. जोडणी ज्या क्रमाने उभी राहते त्याच क्रमाने ते शिकावेत, कारण यातला जवळपास प्रत्येक शब्द बिघाडाची एक जागा दाखवतो. २०२० साली लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झालेलं वायरगार्ड उदाहरणाला घेऊ. घरचा लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचा आहे. वायरगार्डच्या लेखी बोगद्याच्या दोन्ही टोकांची यंत्रं बरोबरीची, एकमेकांची पीअर असतात, आणि पीअरची ओळख पटते ती त्याच्या सार्वजनिक किल्लीवरून. लॅपटॉपमधली ऑफिसची नोंद, किल्लीची ओळ वगळून, अशी असेल:

```
[Peer]
Endpoint = 203.0.113.5:51820
AllowedIPs = 10.8.0.0/24, 192.168.1.0/24
```

एंडपॉइंट म्हणजे तो पीअर इंटरनेटवर जिथे सापडतो तो पत्ता आणि पोर्ट. लॅपटॉप घरातून बाहेर पडला की त्याचा एंडपॉइंट बदलतो, किल्ली मात्र तीच राहते. ऑफिसच्या एंडपॉइंटवर पहिला निरोप जातो, उत्तर येतं, दोघं तात्पुरत्या गुप्त किल्ल्या ठरवतात, हा हँडशेक. `wg show` या आज्ञेच्या उत्तरात `latest handshake` ही ओळच नसेल, तर एंडपॉइंट, फायरवॉल आणि किल्ल्या तपासाव्यात. अनोळखी किल्लीला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चुकीची किल्ली आणि चुकीचा पत्ता बाहेरून सारखेच दिसतात. पाठवण्यासारखं काही नसेल तर हँडशेकही होत नाही, म्हणून आधी पिंग करून मगच निष्कर्ष काढावा.

कुणी म्हणेल, ॲपमध्ये एक बटण असताना हे कशाला? बटण ‘जोडलं’ म्हणतं आणि तरी ऑफिसचा फाइल सर्व्हर उघडत नाही, तेव्हा या शब्दांची गरज पडते. समजा तो `192.168.1.20` वर आहे. सबनेट म्हणजे पत्त्यांचा एक गट; `/24` मध्ये असे २५६ पत्ते असतात. अनेक घरगुती राउटर हाच `192.168.1.0/24` गट वापरतात. घर आणि ऑफिस दोन्हीकडे तोच असेल, तर त्या पत्त्याकडे लॅपटॉपला दोन वाटा दिसतात, एक घरची आणि एक `AllowedIPs` मुळे बोगद्यातून जाणारी. घरची वाट निवडली गेली तर पॅकेट बोगद्यात शिरतच नाही, हँडशेक कितीही ताजा असला तरी. यावर खरा उपाय म्हणजे ऑफिसचा सबनेट बदलणं. हे काम कटकटीचं आहे, म्हणून नेटवर्क उभारतानाच कमी वापरातला गट निवडावा.

सबनेट वेगळे असूनही ऑफिसच्या पीअरचा बोगद्यातला पत्ता, समजा `10.8.0.1`, उत्तर देतो आणि फाइल सर्व्हर देत नाही, असं झालं तर गेटवेकडे वळावं. गेटवे म्हणजे एका नेटवर्कची पॅकेट दुसऱ्यात पोचवणारं यंत्र. इथे ते ऑफिसचा पीअरच आहे. लिनक्सवर त्याच्या `net.ipv4.ip_forward` ची किंमत १ हवी. शिवाय `10.8.0.0/24` कडे परतायची वाट फाइल सर्व्हरला ठाऊक हवी, नाहीतर निरोप पोचतो आणि उत्तर हरवतं.

ओपनव्हीपीएन वापरणारे पीअरऐवजी बहुधा क्लायंट आणि सर्व्हर म्हणतात, हा आक्षेप रास्त आहे. पण सबनेटची टक्कर आणि परतीची हरवलेली वाट तिथेही याच क्रमाने शोधावी लागते.