सहा अँपिअरचा ताळा

कागदावर दोन आडव्या रेघा ओढा, एक वर आणि एक खाली. या आपल्या दोन जाड तारा. त्यांना स्वतःचा रोध नाही असं धरू. दोन्हींच्या मध्ये चार उभ्या शाखा आहेत. पहिलीत २४ व्होल्टचा स्रोत आणि त्याच्यापुढे ४ ओहमचा रोध. दुसरीत १२ व्होल्टची बॅटरी आणि १२ ओहमचा रोध. दोघांचंही धन टोक वरच्या तारेकडे. तिसरीत ५ अँपिअरचा धारास्रोत, वर ढकलणारा, आणि त्याच्या वाटेत २ ओहमचा रोध. चौथीत फक्त ३ ओहमचा रोध. या शेवटच्या रोधातून किती धारा वाहते?

बॅटरी सर्वांच्या ओळखीची आहे, धारास्रोत तेवढा नाही. तो ठरलेली धारा देतो. त्यासाठी दोन टोकांत लागेल तेवढं व्होल्टेज तो स्वतः उभं करतो. प्रयोगशाळेत ‘कॉन्स्टंट करंट’वर लावलेला पॉवर सप्लाय असा वागतो. भर उन्हातलं सौर पॅनेलही बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जवळपास असंच वागतं.

तीन स्रोत एकदम ढकलाढकली करत असताना हिशेब कुठून सुरू करायचा? हेल्महोल्ट्झने १८५३मध्ये सजीवांच्या शरीरातल्या विजेचा विचार करताना यावरचा उपाय मांडला. परिपथात नुसते साधे रोध असतील तर एका वेळी एकच स्रोत चालू ठेवावा, बाकीचे शून्य करावेत आणि प्रत्येकाने दिलेली धारा चिन्हासकट मिळवावी. विद्यार्थी याला ‘सुपरपोझिशन’ म्हणतात.

‘शून्य करणे’ इथेच निम्म्या उत्तरपत्रिका घसरतात. व्होल्टेजचा स्रोत शून्य म्हणजे त्याच्या दोन टोकांत फरक नाही. म्हणून त्याच्या जागी तार येते. धारास्रोत शून्य म्हणजे त्यातून काहीच वाहत नाही. म्हणून ती जागा उघडी राहते. शेजारचा रोध मात्र जागच्या जागी राहतो. (हे कागदावरचं काम आहे. खऱ्या बॅटरीच्या टोकांना तार लावायची नसते. बॅटरी काढून तिच्या जागी तार लावायची असते.)

आता एकटा २४ व्होल्टचा स्रोत घेऊ. १२ व्होल्टच्या बॅटरीजागी तार आली, पण तिचा १२ ओहम राहिला आणि तो ३ ओहमला समांतर झाला. दोघांचे मिळून २.४ ओहम. पुढचे ४ धरून ६.४. म्हणजे स्रोतातून ३.७५ अँपिअर निघतात, वरच्या तारेवर ९ व्होल्ट येतात आणि ३ ओहममधून ३ अँपिअर उतरतात. १२ व्होल्टची बॅटरी एकटी असते तेव्हा तिच्यातून ०.८७५ अँपिअर निघतात, वरच्या तारेवर जेमतेम १.५ व्होल्ट येतात आणि ३ ओहमच्या वाट्याला ०.५ अँपिअर येतो. उरला धारास्रोत. ४ आणि १२ ओहम समांतर होऊन ३ ओहम होतात, म्हणून ५ अँपिअर सारखे वाटले जातात आणि आपल्या रोधात २.५ येतात. तिथलं व्होल्टेज ७.५.

३ अधिक ०.५ अधिक २.५, एकूण ६ अँपिअर. वरची तार १८ व्होल्टवर.

ही बेरीज धारेची आणि व्होल्टेजची आहे, शक्तीची नाही. ३ ओहमच्या रोधातली उष्णता तीन वेळा वेगवेगळी काढली तर २७, ०.७५ आणि १८.७५ वॅट येतात; बेरीज ४६.५. खरी उष्णता ६ अँपिअरचा वर्ग गुणिले ३, म्हणजे १०८ वॅट. वर्गामुळे पदं एकमेकांत गुंततात आणि सुटी बेरीज कमी पडते. म्हणून शक्ती काढायची ती सगळे स्रोत चालू असतानाच्या अंतिम धारेवरून.

आता ताळा करू. वरची तार १८ व्होल्टवर असेल तर २४ व्होल्टच्या स्रोतातून ६ भागिले ४, म्हणजे १.५ अँपिअर निघतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत उलट अर्धा अँपिअर शिरतो. ती देत नाही, चार्ज होते आहे; एकटी असताना ०.८७५ अँपिअर देणारी हीच बॅटरी. देणाऱ्यांच्या बाजूला २४ व्होल्टवाल्याचे ३६ वॅट लिहू. धारास्रोतासमोर पाच गुणिले अठरा, नव्वद असं लिहायला हात शिवशिवतो. पण मध्ये २ ओहमचा रोध आहे, त्यावर १० व्होल्ट पडतात. स्रोताच्या टोकांत २८ व्होल्ट आहेत आणि तो १४० वॅट देतो. गंमत म्हणजे हा रोध इतर कुठल्याही शाखेची धारा बदलत नाही. तो फक्त ताळ्यात दिसतो.

देणं झालं १७६ वॅट. घेणाऱ्यांत ३ ओहमचे १०८, ४ ओहमचे ९, १२ ओहमचे ३, २ ओहमचे ५० आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीचे ६. तेही १७६.

हा ताळा नेमकं काय तपासतो? समजा, कोणी १२ व्होल्टच्या वाट्याचं चिन्ह उलटं धरलं आणि ३ वजा ०.५ अधिक २.५, म्हणजे ५ अँपिअर उत्तर काढलं. मग वरची तार १५ व्होल्टवर. त्यावरून देणं १७९ वॅट आणि घेणं १४९ येतं. तफावत ३० वॅटची. वरच्या गाठीवर पाहिलं तर ७.२५ अँपिअर येतात आणि ५.२५ जातात, म्हणजे २ अँपिअर गायब. दोन गुणिले पंधरा तीस. शक्तीचा ताळा हा गाठीवरच्या धारांचाच ताळा आहे, फक्त वॅटमध्ये. म्हणून प्रत्येक शाखेची धारा व्होल्टेज आणि रोधावरून स्वतंत्र काढायला हवी. शेवटची धारा बाकीच्यांच्या वजाबाकीतून भरली तर गाठ आपोआप जुळते आणि चूक दुसरीकडे दडते.

पण दुसऱ्या कोणी आकृती उतरवतानाच १२ व्होल्टची बॅटरी उलटी काढली, तर त्यालाही ५ अँपिअरच मिळतील. त्याच्या आकृतीत ती बॅटरी २७ वॅट देते, देणं २०६ आणि घेणंही २०६. ताळा चोख, कारण त्याने भलत्याच परिपथाचं गणित अचूक सोडवलं आहे. इथे मूळ आकृतीकडे पुन्हा पाहण्यावाचून इलाज नाही.

आणि एक मर्यादा. १२ व्होल्टच्या शाखेत, बॅटरीत धारा शिरू नये म्हणून डायोड घातला तर सुपरपोझिशन मोडते. एकटी बॅटरी असताना डायोड वाट देतो, बाकी दोन वेळा अडवतो. तिन्ही वाटे मिळवले तर ६.७९ अँपिअर येतात. प्रत्यक्षात सगळं चालू असताना डायोड बंद असतो आणि धारा ६.२९ असते. या ६.७९चा ताळा केला तर वरच्या गाठीवर ०.८७५ अँपिअर कमी पडतात. जी बॅटरी आता काहीच देऊ शकत नाही, तिच्या नावावर आपण एकटीच्या हिशेबात लिहिलेले तेवढेच.