जीआरई ऑप्शनला टाकावी का?

गेल्या काही वर्षांत अमेरिकेतून येणाऱ्या बातम्या एका सुरातल्या आहेत. डार्टमाउथने परीक्षा परत आणली, मग येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक, कॉर्नेल. या बातम्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरता फिरता त्यांचा अर्थ बदलला आणि ‘आता जीआरई सगळीकडे पुन्हा सक्तीची’ असा निरोप पसरला. तसं काही झालेलं नाही. परत आली ती बारावीनंतरच्या प्रवेशासाठीची एसएटी. इंजिनीअरिंगनंतर एमएसला जाणाऱ्यांच्या बाबतीत प्रत्येक विभाग आपापलं ठरवतो, आणि अनेकांच्या पानावर अजूनही एकच शब्द आहे: ऑप्शनल.

हा शब्द आपल्या मुलांना फार ओळखीचा आहे. एखादा धडा ‘ऑप्शनला टाकला’ की तो वाचायचा नाही आणि त्याचं दुःखही करायचं नाही. पण विद्यापीठाच्या पेपरात ऑप्शन सोडला तर तपासणारा त्याकडे बघत नाही. प्रवेश समितीला मात्र कोरी जागा दिसते. त्या कोऱ्या जागेचा अर्थ काय लावला जातो, हाच या सगळ्यातला खरा प्रश्न आहे.

अर्थशास्त्रात यावर एक सुंदर युक्तिवाद आहे. पॉल मिलग्रोम यांनी तो 1981 मध्ये मांडला. पुढे 2020 मध्ये लिलावांच्या अभ्यासासाठी त्यांना नोबेल मिळालं, ते वेगळं. युक्तिवाद असा: माल विकणाऱ्याला मालाचा दर्जा माहीत आहे आणि तो सांगण्याची त्याला मुभा आहे. ज्याचा माल उत्तम तो सांगेलच. मग न सांगणाऱ्यांत त्याच्याखालचे उरले. त्यातला सगळ्यात चांगला म्हणेल, मला या गर्दीत कशाला मोजता, मीही सांगतो. असं एकेक जण बोलत गेला की शेवटी गप्प राहतो तो फक्त सगळ्यात वाईट. म्हणजे गप्प बसणं हीच कबुली.

आपल्याला हे समजायला नोबेल लागत नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी ज्या घरून संध्याकाळपर्यंत फोन येत नाही, त्या घरी कुणी ‘किती टक्के?’ असं विचारायचं नसतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं.

पण हा युक्तिवाद दोन अटींवर उभा आहे. एक, सांगायला खर्च पडत नाही. दोन, समोरच्याला पक्कं माहीत आहे की तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. दहावीचा निकाल प्रत्येकाकडे असतोच. जीआरई प्रत्येकाने दिलेली नसते, आणि तिला बावीस हजारांच्या घरात फी आणि दोन-तीन महिन्यांचा अभ्यास लागतो. त्यामुळे गप्प बसणाऱ्यांत कमी गुण मिळालेले आणि परीक्षाच न दिलेले यांची सरमिसळ होते, आणि समितीला दोघांत फरक करता येत नाही. या सरमिसळीमुळेच ऑप्शनल हा शब्द अजून तरी पोकळ झालेला नाही.

म्हणून पहिली गोष्ट. परीक्षा देणं आणि गुण पाठवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. ईटीएसची व्यवस्था तशीच आहे. केंद्रावर पेपर संपला की व्हर्बल आणि क्वांटचे आकडे पडद्यावर दिसतात. ते बघून मग चार विद्यापीठांना फुकट पाठवायचे की नाही, हे ठरवता येतं. पुढे स्कोअर पाच वर्षं चालतो, आणि कोणत्या दिवशीचा पाठवायचा ते तुम्ही निवडता. फक्त एका दिवसाचे गुण तोडून पाठवता येत नाहीत. क्वांट 168 आणि व्हर्बल 144 असेल, तर दोन्ही एकाच पाकिटातून जातात.

माझी भाची यंदा या फेऱ्यातून गेली, म्हणून तिचीच गोष्ट सांगतो. मुंबई विद्यापीठाचं कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, पॉइंटर 7.6, तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्रीत केटी, ती पुढच्या खेपेला सुटली. नंतर हिंजवडीत दोन वर्षं नोकरी. डेटा सायन्सच्या एमएससाठी आठ ठिकाणं निवडली. एका ठिकाणी जीआरई सक्तीची होती, दोन ठिकाणी ती घेतच नाहीत, उरलेल्या पाच ठिकाणी ऑप्शनल. ‘घेत नाही’ आणि ‘ऑप्शनल’ यांत गल्लत करू नका. जे घेत नाहीत त्यांना पाठवलेला स्कोअर वाया जातो. एमआयटीचा कॉम्प्युटर सायन्स विभाग त्यातलाच आहे.

तिचा क्लासवाला म्हणाला, देऊन टाक. तिचा बॉस म्हणाला, आजकाल कोण बघतं. मी तिला विचारलं, तुझा अर्ज वाचणाऱ्याच्या मनात कोणती शंका येईल? ती लगेच म्हणाली, ‘मामा, एम-थ्री.’

हीच माझी कसोटी. डेटा सायन्सच्या अर्जात गणिताची केटी हा उघडा प्रश्न आहे. शिवाय तिचं कॉलेज तिकडे कुणाला ठाऊक नाही. आपल्याकडे 7.6 मिळवणं किती अवघड, हे तिथल्या प्राध्यापकाने कसं ओळखावं? क्वांटचा चांगला आकडा या दोन्ही शंकांना थेट उत्तर देतो. तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीचा पॉइंटर 9.3, गणितात सगळीकडे उत्तम ग्रेड, दोन शोधनिबंध. तिच्या अर्जात हा प्रश्नच नाही, मग उत्तर कशाला? तिने परीक्षा दिली नाही आणि मला ते बरोबर वाटलं.

पण आकडा चांगला म्हणजे किती? इथे आपली मुलं फसतात. क्वांटमध्ये 170 पैकी 165 म्हणजे घरी पेढे. प्रत्यक्षात जगभरच्या परीक्षार्थींपैकी चारातला एक तरी जण त्याच्या बरोबरीला किंवा पुढे असतो. पूर्ण 170 मिळाले तरी पर्सेंटाइल शंभराच्या जवळ नव्हे, नव्वदच्या आसपासच अडकतं, कारण पूर्ण गुण मिळवणारेच इतके आहेत. भारतीय इंजिनीअरांच्या गर्दीत क्वांट शंका मिटवतं, चमक देत नाही. चमक द्यायचीच तर व्हर्बल देतं, आणि क्लासमध्ये त्यालाच सगळ्यात कमी तास मिळतात.

दुसरा सापळा जास्त खोल आहे. भाचीने एका विभागाच्या पानावर वाचलं की गेल्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांचं सरासरी क्वांट 167. तिच्या सरावात येत होते 164. ती खट्टू झाली. मी कागद घेतला. समजा शंभर जणांना प्रवेश मिळाला. ऑप्शनल असल्यामुळे चाळीस जणांनीच गुण पाठवले, आणि ज्यांचे चांगले तेच पाठवणार. त्यांची सरासरी 167. उरलेल्या साठांनी परीक्षा दिली असती तर त्यांची सरासरी, समजा, 162 आली असती. मग संपूर्ण वर्गाची सरासरी येते 164. म्हणजे भाची वर्गाच्या मधोमध होती, आणि पानावरचा आकडा तिला तळाशी बसवत होता. हे साठ आणि 162 माझे अंदाजाचे आकडे आहेत, पण दिशा चुकत नाही. ऑप्शनल विभागाची जाहीर सरासरी नेहमी फुगलेलीच असते.

ही नुसती कागदावरची गंमत नाही. डार्टमाउथच्या चार प्राध्यापकांनी त्यांच्याच प्रवेशांचा अभ्यास केला, तेव्हा हेच दिसलं. साध्या घरातली, साध्या शाळेतली मुलं आपला एसएटी स्कोअर जाहीर सरासरीशी ताडून लपवत होती. समिती मात्र गुण मुलाच्या परिस्थितीशी ताडून बघते, त्यामुळे स्कोअर पाठवला असता तर त्यांचा फायदाच झाला असता. एसएटी परत आणण्यामागचं हे एक कारण होतं. एमएसची गोष्ट वेगळी, पण संगमनेरच्या किंवा साताऱ्याच्या कॉलेजातून अर्ज करणाऱ्याने यातून घ्यायचं ते घ्यावं. तुमचा आकडा विभागाच्या सरासरीखाली दोन-तीन गुणांनी असेल आणि तुमच्या पॉइंटरपेक्षा बरी कहाणी सांगत असेल, तर पाठवा.

पीएचडीच्या बाबतीत माझं मत उलटं आहे. विज्ञानातल्या बऱ्याच विभागांनी जीआरई सोडली, कारण पीएचडी पूर्ण होणं आणि जीआरईचा आकडा यांचा फारसा संबंध त्यांना सापडला नाही. त्या अभ्यासांवर आक्षेप आहेत आणि ते मला पटतातही: कमी गुण असूनही ज्यांना घेतलं, त्यांच्याकडे दुसरं काहीतरी भक्कम होतंच, मग गुणांचा परिणाम दिसणार कसा? पण समितीत बसणारे प्राध्यापक काय वाचतात ते महत्त्वाचं. ते शिफारसपत्र वाचतात. म्हणून जीआरईच्या अभ्यासाचे ते दोन-तीन महिने कुणाच्या तरी प्रयोगशाळेत घालवा.

एमबीएवाल्यांनी हा लेख इथपर्यंत वाचला असेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात: द्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलला जीमॅट किंवा जीआरई लागतेच. जिथे माफी मिळते तिथेही ती मागावी लागते, आणि भारतीय आयटी इंजिनीअरांच्या रांगेत गुणांविना उभं राहणं मला धाडसाचं वाटतं. शाळांनाही क्रमवारीत गुणांची सरासरी दाखवायची असते. एक सूचना मात्र करतो. 2023 च्या नोव्हेंबरपासून जीमॅट बदलली आहे. नवी मोजपट्टी 205 ते 805, आणि नवे 645 म्हणजे साधारण जुने 700. चुलतभावाच्या 2019 सालच्या 710 शी आपल्या 655 ची तुलना करून रडू नका.

भाचीचं पुढे काय झालं? फी भरण्याआधी तिने ईटीएसच्या दोन फुकट पॉवरप्रेप चाचण्यांपैकी एक काहीही न वाचता, घड्याळ लावून दिली. क्वांट 161. दुसरी सहा आठवड्यांनी, 164. तेव्हा फी भरली. माझं म्हणणं असं की पहिल्याच चाचणीत 150 च्या आसपास आले आणि मुदत महिन्यावर असेल, तर नाद सोडून एसओपी लिहायला बसावं. तिला प्रत्यक्षात मिळाले क्वांट 166, व्हर्बल 153. चार फुकट जागांत सक्तीचं एक ठिकाण आणि ऑप्शनलपैकी तीन बसली. उरलेल्या दोन विभागांना तिने मेल करून विचारलं. ‘जीआरई गरजेची आहे का?’ असं विचारलं की ‘ऑप्शनल आहे’ एवढंच उत्तर येतं. म्हणून तिने विचारलं, गेल्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांपैकी साधारण किती जणांनी गुण दिले होते, आणि असिस्टंटशिप ठरवताना ते बघितले जातात का? एकीकडून उत्तर आलं, फार थोड्यांनी, आणि नाही. तिथे तिने पाठवले नाहीत. दुसरीकडून आलं, निम्म्याहून जास्त. तिथे जादा पैसे भरून पाठवले.

अजून तारीख घेतली नसेल त्यांच्यासाठी: अधिकृत गुण यायला आठ ते दहा दिवस लागतात आणि पुन्हा बसायचं तर मध्ये एकवीस दिवस जावे लागतात. 15 डिसेंबरची मुदत असेल, तर पहिली खेप ऑक्टोबर संपायच्या आत द्या.