भिंतीपलीकडचा गुलमोहर

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली, तर ती हद्दीपर्यंत कापता येते, असं बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. ते अगदी निराधार नाही. १८९४ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने लेमन विरुद्ध वेब या खटल्यात तसा निकाल दिला होता: शेजाऱ्याच्या जागेत पाऊल न टाकता कापता येत असेल, तर पूर्वसूचनेचीही गरज नाही. आपल्याकडच्या न्यायालयांतही या निकालाचा दाखला दिला जातो. पण आपल्या शहरांत त्याच्या आड १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा राज्य कायदा येतो. त्यात वृक्षतोडीच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही बसतं, आणि पुण्या-मुंबईच्या महापालिका फांद्या छाटायलासुद्धा अर्ज मागतात. झाड कुणाच्या खासगी अंगणात आहे म्हणून यातून सुटका नाही.

कायद्यापेक्षा मोठी अडचण झाडाचीच आहे. कायद्याची रेघ भिंतीवरून जाते, तर फांदी कापायची योग्य जागा असते तिच्या सांध्यापाशी, जिथे ती खोडातून किंवा मोठ्या फांदीतून फुटते. तिथे एक फुगीर कडं दिसतं. त्या कड्याच्या जरा बाहेर काप घेतला तर झाड जखम हळूहळू झाकून घेतं. भिंतीच्या रेषेत कापलं तर मधेच खुंट उरतो. तो कुजतो, किंवा त्यातून कमजोर फुटव्यांचा झुपका येतो आणि दोन पावसाळ्यांनी तोच झुपका मोडून पडतो. शिवाय सगळी छाटणी एकाच बाजूने झाली की झाडाचा भार मालकाच्या घराकडे झुकतो. सांधा पलीकडे, त्रास अलीकडे, म्हणून छाटणी दोघांनी मिळूनच करावी लागते. शेजाऱ्याला पत्र लिहायचं खरं कारण हेच.

पण पत्राआधी भिंत वाचायला हवी. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या वसाहतीतलं नमुन्याचं उदाहरण घेऊ. नऊ इंची विटांची, पाच फूट उंचीची कंपाउंड वॉल. तिच्यापासून तीन फुटांवर शेजाऱ्याचा गुलमोहर, खोडाची जाडी दीड फूट. गुलमोहराची मुळं बरीचशी वरच्या थरातच पसरतात, आणि कंपाउंड वॉलचा पाया बहुधा उथळ असतो. मूळ दरवर्षी जाड होतं आणि हलक्या भिंतीला उचलतं किंवा ढकलतं. अशा वेळी खोडासमोरचा भाग झाडापासून दूर झुकलेला दिसतो आणि खालच्या थरांत आडवी भेग पडते. ओळंबा सोडला की कल किती आहे ते कळतं. काळ्या मातीत मात्र दुसरंच काही घडत असू शकतं. उन्हाळ्यात माती आकसते, झाड तिच्यातलं पाणी ओढून त्यात भर घालतं, आणि पाया खचून उभ्या किंवा तिरक्या भेगा पडतात. पावसाळ्यात त्या बऱ्याच मिटतात. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून शेजारी तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. पाणी तुंबणं किंवा मुळातच कच्चा पाया हेही कारण असू शकतं, म्हणून सगळा दोष झाडावर टाकण्यापूर्वी भेगेपाशी दोन फूट खणून मूळ खरोखर पायाला भिडलंय का ते पाहावं. खणताना मूळ तोडायचं नाही.

आता पत्र. ते जानेवारीत गेलेलं बरं. पुढे गुलमोहराची पानं झडतात, फांद्या स्पष्ट दिसतात, आणि परवानगी मिळून काम जूनच्या वादळी पावसाआधी उरकतं.

‘ती. काकांस, सा. न.

आपल्या गुलमोहराच्या दोन मोठ्या फांद्या आमच्या गच्चीवर आल्या आहेत. खोडासमोरच्या सुमारे आठ फूट भिंतीत खालून दुसऱ्या थरात आडवी भेग आहे आणि भिंत वरच्या टोकाला चार सेंटीमीटर आमच्या बाजूला कलली आहे. खणून पाहिले तेव्हा मनगटाएवढे मूळ पायाला टेकलेले दिसले. तारखांसह फोटो सोबत जोडले आहेत.

झाड तोडावे असे माझे म्हणणे नाही. दोन्ही फांद्या सांध्यापासून काढाव्या लागतील आणि सांधे आपल्या आवारात आहेत, म्हणून आपल्या संमतीशिवाय ते काम नीट होणार नाही. येत्या रविवारी सकाळी आपण दोघे, एक माहितगार माळी आणि गवंडी असे एकत्र पाहू या. त्यानंतर वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज आपल्या नावाने व्हावा, कागदपत्रांची धावपळ मी करतो. छाटणीचा व फांद्या उचलण्याचा खर्च निम्मा-निम्मा करू. लाकूड आपलेच राहील. भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा ठरवू. त्यासाठी छाटणी अडवून ठेवायला नको.

आपला रविवार सोयीचा नसेल तर दिवस सांगावा.’

या पत्रात ‘नुकसानभरपाई’ हा शब्द नाही, तरी मापं, तारखा आणि फोटो आहेत. पुढे वाद झालाच, तर धोक्याची कल्पना शेजाऱ्याला कधी दिली हे त्यावरून दाखवता येतं. म्हणून पत्र हातोहात द्यावं, दोन शब्द बोलावेत, आणि प्रतीवर तारखेसह सही घ्यावी. सही मागणं अवघड वाटत असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी नोंद राहते. भिंतीचा खर्च वेगळा ठेवण्यामागेही कारण आहे. भिंत कुणाच्या हद्दीत, ती आधीची की झाड आधीचं, हे मोजणीचे आणि मंजूर नकाशे पाहिल्याशिवाय ठरत नाही. वाढत्या झाडाला खेटून आपणच नंतर भिंत बांधली असेल, तर आपली बाजू बरीच लंगडी होते.

मुळाचं काय करायचं? तोडायचं हे पहिलं उत्तर सुचतं आणि इथे ते चुकीचं आहे. खोडाच्या जाडीच्या तिपटीपेक्षा जवळची जाड मुळं तोडू नयेत, असा झाडांच्या जाणकारांचा ढोबळ नियम आहे. दीड फुटाची तिप्पट साडेचार फूट, आणि आपली भिंत तीन फुटांवर. इथलं मूळ कापलं तर झाडाचा त्या बाजूचा आधार जातो. त्यापेक्षा मुळासमोरचा भिंतीचा तुकडा उतरवावा, दोन्ही कडांना, मुळं टाळून, छोटे कॉलम घ्यावेत आणि मुळावरून काँक्रीटची तुळई टाकून तिच्यावर विटा चढवाव्यात. तुळई आणि मूळ यांच्यात तीन-चार इंच फट सोडली की मूळ जाड व्हायला जागा मिळते. गवंडी ही फट सिमेंटने भरायला टपलेलाच असतो. तिथे उभं राहावं लागतं.

शेजारी गप्पच राहिला तर पंधरा-वीस दिवसांनी तेच पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवावं. धोका खरा असेल तर वृक्ष अधिकाऱ्याकडे आपणही फोटोंसह तक्रार करू शकतो. जीविताला किंवा मालमत्तेला धोका हे कायद्याला मान्य असलेलं कारण आहे. त्यापुढे दिवाणी न्यायालय आहेच, पण तिथे लागणाऱ्या वेळात गुलमोहर आणखी जाड होईल.

परवानगीचा आदेश हातात आला की तो ठेकेदाराला वाचून दाखवावा. त्यात दोन फांद्या लिहिल्या असतील तर दोनच. छाटणाऱ्यांना शेंडा उडवून झाड बोडकं करायची सवय असते, कारण ते काम सोपं आणि लवकर होतं. एका वेळी झाडाच्या पसाऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये. जड फांदी आधी सांध्यापासून हातभर पुढे खालून चिरावी, मग थोडं पुढे वरून कापून भार उतरवावा, आणि उरलेला खुंट कड्यापाशी नीट कापावा. खालचा चीर न घेता वरून करवत चालवली तर फांदी स्वतःच्या वजनाने खोडाची साल ओढत खाली येते, आणि बहुधा त्याच भिंतीवर पडते.