खोबरेल थिजतं, मग डिझेल?

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी बारामती-इंदापुरात न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली उचलून बघा. तेल थिजून पांढरंफेक झालेलं असतं. बाटली गरम पाण्यात धरल्याशिवाय थेंब बाहेर येत नाही. आता अंगणातल्या गाडीकडे बघा. तिच्या टाकीतल्या डिझेलमध्येही असंच थिजणारं काहीतरी दडलेलं आहे, असं सांगितलं तर पटेल?

ते आहे मेण, मेणबत्तीतल्या मेणाचं भावंडच. गंमत म्हणजे ही भेसळ नव्हे. डिझेलमधला इंजिनात सर्वांत सहज पेटणारा भाग तोच! उबेत ते विरघळून दिसेनासं होतं आणि गारठा पडला की त्याचे चपटे, पातळ स्फटिक बनायला लागतात. डिझेल आधी गढूळ होतं. टाकीत ते अजून हलत असतं, पण फिल्टरपाशी दुधाच्या गाळणीवर साय अडकावी तसं मेण बसतं.

हे किती अंशांवर होईल, ते ठरवायची परीक्षा इतकी साधी आहे की मी थक्क झालो. डिझेल एकेक अंश थंड करत जायचं आणि केसापेक्षा बारीक, ४५ मायक्रॉन भोकांच्या जाळीतून हलक्या ओढीने वर खेचायचं. ज्या तापमानाला २० मिलिलिटर डिझेल ६० सेकंदांत जाळीपार होत नाही, तिथे त्याची मर्यादा आली. भारतीय मानकानुसार ही मर्यादा उन्हाळ्यात १८ आणि हिवाळ्यात ६ अंशांच्या वर असता कामा नये. म्हणजे पंपावरच्या हिवाळी डिझेलची हमी ६ अंशांपर्यंतची! प्रत्यक्षात ते बरेचदा याहून सरस असतं, पण हमी तेवढीच. आपल्याकडे पहाटे तेवढ्यावर निभावतं. इथे थंडीत गाडी लवकर पकडत नसेल तर मेणाला दोष देऊ नका, हीटर प्लग आणि बॅटरी बघा.

पण समजा, इंदापूरचं एक कुटुंब डिसेंबरात स्वतःच्या गाडीने मनालीला गेलं. वाटेत पंजाबात टाकी भरली, तरी मानक देशभर तेच. रात्री पारा शून्याखाली उतरला. सकाळी सेल्फ मारला आणि गाडी चक्क सुरू झाली! मिनिटभर चालली आणि बंद पडली. असं का? फिल्टरच्या पुढच्या नळीत थोडं डिझेल शिल्लक होतं, तेवढ्यावर इंजिन चाललं. नवं डिझेल मात्र मेणाच्या सायीतून पुढे येईना.

हे होऊ नये म्हणून बऱ्याच गाड्यांत डिझेल फिल्टरलाच छोटा हीटर बसवलेला असतो. त्यातल्या अनेकांत एक विलक्षण सिरॅमिक असतं. थंड असताना ते वीज भरपूर ओढतं आणि जसजसं तापतं तसतसं स्वतःच विजेला अडवायला लागतं. स्वतःचा लगाम स्वतःच्या हाती! हा हीटर बंद पडला तर चेक लाईट लागू शकते, पण इंदापुरात त्याने काहीच अडत नाही. म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि तोच बिघाड घेऊन डोंगर चढतो.

तिथे स्कॅनर लावला की पडद्यावर P0087 येतो. त्याचा अर्थ एवढाच, की इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये दाब कमी आहे. झिजलेले इंजेक्टर गळत असले तरी हाच कोड येतो, त्यामुळे महागडे इंजेक्टर बदलायचा सल्ला सहज मिळतो. ओळखायचं कसं? दुपारच्या उन्हात गाडी आपोआप सुधारली तर संशय मेणावर घ्या; झिजलेला इंजेक्टर उन्हाने बरा होत नाही. P0201 ते P0204 आले तर मात्र प्रश्न इंजेक्टरच्या वायरिंगचा किंवा कॉइलचा असतो, त्यात मेणाचा संबंध नाही.

मग लडाखमध्ये काय करायचं? इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीने २०१९च्या नोव्हेंबरात तिथल्यासाठी खास हिवाळी डिझेल काढलं. उणे ३३ अंशांपर्यंत ते वाहतं! थंडीसाठी डिझेलमध्ये घालतात ती द्रव्यंही अजब असतात. ती मेण थिजणं थांबवत नाहीत, फक्त स्फटिकांचा आकार बदलतात. चपट्या पापुद्र्यांऐवजी बारीक सुया बनतात आणि सुयांच्या ढिगातून डिझेल वाट काढतं.

थंड डोंगरात जायच्या आधी इथेच फिल्टर हीटरचा फ्यूज, रिले आणि कनेक्टर तपासून घ्या. वर गाडी अडली तर टाकीत रॉकेल ओतू नका, त्यात वंगण कमी असल्याने पंप आणि इंजेक्टर घासले जातात. टाकीखाली जाळ तर मुळीच करू नका. कनेक्टर कोरडा ठेवून फिल्टरभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा आणि थोडा वेळ थांबा. घरी खोबरेलाच्या बाटलीला आपण हेच करतो.