लाट मोडते ती शेवटच्या ओलाव्यात

केसातले काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. त्या वेळी केस जसा ताणलेला असेल, तोच आकार तो धरतो. म्हणून निथळत्या वेव्ही केसांवर गोल ब्रश फिरवणं म्हणजे केसांना फुकट भाजणं. फार तापलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे पडतात आणि केस तिथेच तुटतो.

आधी सुती टी-शर्टने टिपा, हीट प्रोटेक्टंट लावा, मध्यम उष्णतेवर बोटांनीच वाळवा. टोकं जेमतेम दमट राहिली की ब्रश घ्या. दोन बोटं रुंद बट ताणून धरा. ड्रायर वीतभर लांब, सतत हलता, नोझलचा रोख मुळाकडून टोकाकडे. मग बट गार होईपर्यंत थंड हवा. लगेच पुन्हा वळली, तर ती बहुधा आतून ओलीच होती. पावसाळी दमट हवेत मात्र लाट परततेच.