हजार किलोमीटरला किती ऑइल खपावं?

१,००० किलोमीटरला १ लिटर. टोयोटाच्या अनेक गाड्यांसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत इंजिन ऑइलच्या खपाची ही कमाल मर्यादा छापलेली आहे. फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्या पुस्तिकांत आकडा निम्मा आहे, ०.५ लिटर. जनरल मोटर्सने अमेरिकेत वापरलेली मर्यादा २,००० मैलांना १ क्वार्ट, म्हणजे १,००० किलोमीटरला सुमारे ०.३ लिटर. यातल्या सगळ्यात सैल आणि सगळ्यात कडक मर्यादेत तिपटीहून जास्त अंतर आहे. इंजिनांच्या घडणीत मात्र तिपटीचा फरक नाही.

हे आकडे इंजिनाच्या प्रकृतीचे नाहीत. खप किती झाल्यावर कंपनी वॉरंटीत इंजिन उघडेल, एवढंच ते सांगतात. मालकाच्या दृष्टीने ते किती निरुपयोगी आहेत हे चेंबरमधल्या ऑइलशी ताडून पाहिलं की कळतं. १.२ लिटरच्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये साधारण ३ लिटर ऑइल बसतं आणि सर्व्हिस १०,००० किलोमीटरला होते. खप ०.५ लिटरच्या दराने झाला तर दोन सर्व्हिसमध्ये ५ लिटर ऑइल जाईल, चेंबरमध्ये असलेल्यापेक्षा २ लिटर जास्त. मधे कुणी डिपस्टिक पाहिलीच नाही, तर हे ‘मर्यादेतलं’ इंजिन ६,००० किलोमीटरच्या आधीच कोरडं पडेल.

उपयोगी आकडा डिपस्टिकवरूनच निघतो. बहुतेक मोटारींच्या डिपस्टिकवर खालच्या आणि वरच्या खुणेत १ लिटरच्या आसपास अंतर असतं, लहान इंजिनात त्याहून थोडं कमी. १०,००० किलोमीटरमध्ये १ लिटर गेलं तर दर १,००० किलोमीटरला १०० मिलिलिटर येतो. म्हणजे वरच्या खुणेपासून निघालेली गाडी पुढच्या सर्व्हिसला बरोबर खालच्या खुणेवर पोहोचेल. माझ्या मते १०० मिलिलिटरपर्यंतचा खप निश्चिंत राहण्यासारखा आहे. १०० ते ३०० मध्ये महिन्यातून दोनदा डिपस्टिक पाहावी, आणि ३०० च्या वर कारण शोधावं, पुस्तिका काहीही म्हणो.

खप शून्य का नसतो, याचंही गणित आहे. ताशी सरासरी ५० किलोमीटरने १,००० किलोमीटर जायला २० तास लागतात. इंजिन मिनिटाला सरासरी २,००० फेरे घेत असेल तर या वेळात २४ लाख फेरे होतात, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे ४८ लाख स्फोट. १०० मिलिलिटर ऑइलचे साधारण २,००० थेंब होतात. हिशेब २,४०० स्फोटांमागे एक थेंब असा पडतो. बोअरच्या भिंतीवर ऑइलचा पापुद्रा राहिला नाही तर रिंगा घासतील, आणि तो पापुद्रा प्रत्येक स्फोटाच्या ज्वाळेसमोर येतो. थोडं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून उतरतं, थोडं वाफ होऊन इनटेकमध्ये परत ओढलं जातं.

मोजण्यातली चूक मात्र खऱ्या खपाइतकी मोठी असू शकते. ऑइल तापलं की दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के फुगतं. ३ लिटर ऑइल ३० अंशांवरून ९० वर गेलं की १२५ मिलिलिटर ‘वाढतं’. एकदा गरम आणि एकदा थंड इंजिनावर डिपस्टिक पाहिली, तर एवढी तूट किंवा वाढ नुसती मापातून येते. म्हणून जागा एकच ठेवावी, ती सपाट असावी, आणि पुस्तिकेत गरम इंजिनावर पाहायला सांगितलं असेल तर इंजिन बंद केल्यावर पाच ते दहा मिनिटं थांबून पाहावं. पहिल्यांदा काढलेली डिपस्टिक पुसायची, वाचायची ती दुसऱ्यांदा काढलेली.

एक उदाहरण घेऊ. याच हॅचबॅकला गेल्या वर्षी दोन सर्व्हिसमध्ये ८,५०० किलोमीटर झाले आणि एकूण ३०० मिलिलिटर ऑइल वरून घालावं लागलं. दर ३५. या वर्षी ७,००० किलोमीटरमध्ये ६०० मिलिलिटर घातलं. दर ८६. घातलेलं ऑइल दुप्पट झालं, पण धाव कमी झाल्यामुळे दर सुमारे अडीचपट झाला. ८६ हा आकडा माझ्या १०० च्या आत आहे आणि ०.५ लिटरच्या मर्यादेच्या एक-षष्ठांश आहे. तरीही लक्ष द्यायचं ते या अडीच पटीकडे.

आधी बदललं काय ते पाहायचं. या वर्षी निम्मी धाव द्रुतगती मार्गावर झाली असेल, तर वाढलेल्या फेऱ्यांनी काही वाढ समजते. ऑइलचा ग्रेड पातळ केला असेल तरी समजते. दोन्ही नसेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा. धावताना दर ५० मीटरला एक थेंब गळला तरी १,००० किलोमीटरला १ लिटर होतं, त्यामुळे गळती दिसायला छोटी आणि हिशेबाला मोठी असते. पुठ्ठा कोरडा राहिला तर धुराची वेळ बघायची. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन मिनिटभरात थांबला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. पिकअप घेताना सतत येत असेल तर रिंगांवर. धूर नाही, पण एअर फिल्टरच्या पाइपात ऑइल साचलंय, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह. हा सगळ्यात स्वस्त भाग, म्हणून तो आधी तपासून घ्यावा. मेकॅनिकने ‘रिंगा गेल्या’ म्हटलं तर इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशनचे आकडे मागावेत.

आकडेवारीतली एक विसंगती अशी की काही गाड्यांत ऑइल वाढतं. बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी डीपीएफ नावाच्या गाळणीत साठते, आणि ती जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. गाडी शहरातच दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारत असेल तर हे जळणं अर्धवट राहतं आणि काही डिझेल बोअरवरून चेंबरमध्ये उतरतं. ३०० मिलिलिटर ऑइल गेलं आणि ४०० मिलिलिटर डिझेल आलं, तर डिपस्टिक १०० मिलिलिटर वाढ दाखवते. मालक खूश होतो, आणि इंजिन पातळ झालेल्या ऑइलवर चालत राहतं. पेट्रोल गाडीत थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांतून पेट्रोल मिसळतं, आणि पहिल्याच लांब प्रवासात ते उडून जातं. मग पुण्याहून कोल्हापूरला जाऊन आल्यावर पातळी एकदम उतरलेली दिसते. ती सगळी तूट ऑइलची नसते.

आता ब्रँडचा प्रश्न. वेगळ्या कंपनीचं ऑइल मिसळलं की गाळ होतो, असं गॅरेजमध्ये सांगितलं जातं. एपीआयच्या आजच्या पेट्रोल श्रेणींत तसं ऑइल पासच होत नाही. एएसटीएम डी६९२२ या चाचणीत उमेदवार ऑइल ठरलेल्या संदर्भ ऑइलांत मिसळून थंड आणि गरम केलं जातं, आणि ते वेगळं झालं तर नापास. म्हणून डब्यावरचं नाव बाजूला ठेवून आधी ग्रेड आणि मग एपीआय किंवा एसीईए श्रेणी वाचायची. सिंथेटिक आणि मिनरल यांची सरमिसळही इंजिनाला घातक नाही, फक्त सिंथेटिकसाठी दिलेले जादा पैसे त्या प्रमाणात वाया जातात.

ग्रेड चुकला तर किती चुकतो? समजा चेंबरमध्ये २.५ लिटर ५डब्ल्यू-३० आहे आणि साताऱ्याजवळच्या पंपावर फक्त ट्रकचं १५डब्ल्यू-४० मिळतंय. १०० अंशांवर पहिल्याची व्हिस्कॉसिटी १०.५ सेंटिस्टोक आणि दुसऱ्याची १४.५ धरू. त्यात अर्धा लिटर घातलं की मिश्रण सुमारे ११.१ वर येतं. ३० ग्रेडची हद्द ९.३ ते १२.५ आहे, म्हणजे मिश्रण अजून ३० च राहतं. थंडीत पंप होण्याची कसोटी ५डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांवर आणि १५डब्ल्यूसाठी उणे २५ वर घेतात. निफाडला थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. महाराष्ट्रात हा फरक एका टॉप-अपपुरता विसरता येतो.

डीपीएफ असलेल्या डिझेलमध्ये एवढी मोकळीक नाही. तिथे मोजायची ती राख. एसीईए सी३ ऑइलमध्ये राख जास्तीत जास्त ०.८ टक्के चालते, जुन्या धाटणीच्या ट्रकच्या ऑइलमध्ये ती १.४ टक्के असू शकते. १ लिटर ऑइल जळलं तर पहिल्यातून सुमारे ७ ग्रॅम राख निघते, दुसऱ्यातून १२. काजळी जळते, राख जळत नाही, ती गाळणीतच बसते. एकदा अर्धा लिटर घातल्याने गाळणी भरणार नाही, पण दर महिन्याला तेच घालणाऱ्याची गाळणी वेळेआधी भरेल. मोटारसायकलला कसोटी क्लचची आहे. तिचा क्लच इंजिन ऑइलमध्येच भिजलेला असतो, त्यामुळे जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलंच घालावं. मोटारीच्या पातळ ग्रेडमधली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लच घसरवतात.

ऑइल २०० मिलिलिटरच्या हप्त्यांनी घालावं आणि प्रत्येक वेळी पातळी पाहावी. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो, आणि फेसाने दाब राहत नाही. वापरलेल्या डब्याचं बिल, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. वॉरंटीच्या वादात आणि पुढच्या वर्षीच्या तुलनेत दोन्हीकडे तीच नोंद लागते.

डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. तो लागतो तेव्हा पंप हवा ओढू लागलेला असतो, म्हणजे ३ लिटरमधलं बरंच ऑइल आधीच गेलेलं असतं. त्यामुळे डिपस्टिक खालच्या खुणेखाली असेल आणि योग्य डबा ५० किलोमीटर लांब असेल, तर जवळ मिळेल ते चारचाकीचं ऑइल अर्धा लिटर घाला, नोंद करा, आणि पुढची सर्व्हिस लवकर करून घ्या.