नाण्यांची वही

नाणी जमवण्याचा छंद अनेक घरांत असतो. त्यांची वही मात्र क्वचितच सापडते. माझ्या वडिलांच्या संग्रहाचेही तसेच होते. कोणते नाणे कुठले, कोणते का जपले, हे सारे त्यांच्या डोक्यात. ते गेल्यावर आमच्या हाती तीन अल्बम उरले आणि नातवंडांचे प्रश्न. म्हणून मी वही करायला घेतली.

नाण्याचा क्रमांक आणि त्याची अल्बममधली जागा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. मध्येच एखाद्या सालाचे नाणे मिळाले की पुढची सगळी नाणी एकेक कप्पा सरकतात. जागेलाच क्रमांक मानले, तर अख्खी वही चुकते. तेव्हा क्रमांक शाईने, कायमचा, जागा पेन्सिलीने. ‘२-५-३’ म्हणजे दुसरा अल्बम, पाचवे पान, तिसरा कप्पा.

क्रमांक ४७ पाहा. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. देश आणि १९१२ हे साल नाण्यावरच आहे. टाकसाळ मात्र शोधावी लागते. मागच्या बाजूला तळाशी कमळ आहे. त्याखाली बारीक, उठावदार टिंब असेल तर नाणे मुंबईचे, नसेल तर कलकत्त्याचे. भिंगातून टिंब दिसले, म्हणून ‘मुंबई’ लिहिले. पण तेवढी जागा झिजून सपाट झाली असेल, तर टिंब दिसत नाही एवढ्यावर ‘कलकत्ता’ लिहू नये. ‘टाकसाळ अनिश्चित’ हीच तिथे खरी नोंद.

दर्जा ठरवताना नाणे कडेने धरून दिव्याखाली तिरके फिरवावे. उठावाच्या उंच जागा आधी झिजतात. इथे राजाचा गाल, दाढी आणि मुकुटाची नक्षी. ४७ वर नक्षी स्पष्ट आहे, दाढीचे केस थोडे पुसट. मी ‘व्हेरी फाइन’ लिहिले आणि शेजारी हे कारणही लिहिले. दर्जा हे एका माणसाचे मत असते. कारण दिले की दुसऱ्याला ते तपासता येते. झिजलेले नाणे लखलखत असेल, तर ते बहुधा घासलेले समजावे; भिंगाखाली एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. तशी नोंद करावी, आणि आपण मात्र चिंच किंवा राख लावू नये. घासल्याने गेलेला मूळ पृष्ठभाग परत येत नाही.

शेवटचा रकाना ‘कोठून मिळाले’. हे कोणत्याच भिंगातून दिसत नाही. ४७ बद्दल आईने सांगितले, की तो तिच्या लग्नात आजीने ओटीत घातलेला रुपया. बाकीचे रकाने दहा वर्षांनीही भरता येतील. हा रकाना सांगणारी माणसे आहेत, तोवरच भरून घ्यावा.